गाळलेलं रक्त, किरणं दिलेलं रक्त आणि माझ्या चुका

रक्तपेढीत काम करताना मी बरीच वर्षं मनात रक्ताची एक प्रतवारी बाळगून होते. सगळ्यात खाली साधी पिशवी, तिच्या वर पांढऱ्या पेशी गाळून काढलेली आणि सगळ्यात वर किरणन केलेली. वरच्या पायरीवर खालच्या पायऱ्यांचे सगळे गुण आपोआप येतात आणि पेशंट जितका नाजूक तितकी वरची पिशवी द्यायची, असं मी धरून चालले होते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आजूबाजूला सगळे तसंच बोलायचे आणि मी ते तपासून पाहिलं नाही. ही प्रतवारी मुळातच चूक आहे. गाळणं आणि किरणन ही दोन वेगवेगळी कामं आहेत. एकानं दुसऱ्याचं काम होत नाही, आणि ज्या पेशंटला एकाची गरज असते त्याला दुसऱ्याची असेलच असं नाही. हे मी दोन पेशंटांकडून शिकले. त्यातल्या एकाचा जीव मी धोक्यात घातला आणि दुसरीचा एक महत्त्वाचा दिवस वाया घालवला.

मी वडाळ्याला राहते. नोकरी मध्य मुंबईतल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत आहे. २०२० च्या नियमदुरुस्तीनंतर तिला अधिकृतपणे रक्तकेंद्र म्हणायचं, पण लोकांच्या आणि आमच्याही तोंडी रक्तपेढीच राहिली. आमच्याकडे रक्ताचे घटक वेगळे करायची सोय होती. गाळणी, म्हणजे आम्ही ज्याला नुसतं ‘फिल्टर’ म्हणायचो, ती बाहेरून मागवावी लागे. किरणनाचं यंत्र नव्हतं. कुणाला गरज पडली तर पिशव्या बर्फाच्या पेटीत घालून टॅक्सीनं परळला न्यायच्या, तिथल्या मोठ्या रुग्णालयात किरणन करून घ्यायचं आणि परत आणायच्या.

आधी मुलीबद्दल सांगते. अँटॉप हिलला राहणारी थॅलेसेमियाची मुलगी, पहिल्यांदा आली तेव्हा शाळेतही जात नव्हती. दर तीन आठवड्यांनी एक पिशवी. काही महिन्यांनी रक्त चढवताना तिला थंडी वाजू लागली. पिशवी निम्मी संपत आली की दात वाजायचे आणि अंग तापायचं. तिची आई घाबरून पिशवी बंद करायला सांगायची. मी रक्तगट पुन्हा तपासला, क्रॉसमॅच पुन्हा केलं, सगळं जुळत होतं. मग रक्त लावायच्या आधी तापाचं औषध आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरलं, आणि आम्ही ते कितीतरी वेळा दिलं. तिच्या आईला मी सांगत असे की तुमच्या मुलीच्या पिशवीतून पांढऱ्या पेशी काढलेल्याच आहेत, त्यामुळे काळजीचं कारण नाही.

ते खरं नव्हतं. एका पिशवीभर रक्तात दोनशे ते तीनशे कोटी पांढऱ्या पेशी असतात. पिशवी वेगात फिरवली की तळाला लाल पेशी बसतात, वर प्लाझ्मा राहतो आणि मधे पांढऱ्या पेशींचा साईसारखा पातळ थर धरतो. घटक वेगळे करताना हा थर काढून टाकला की साधारण तीन चतुर्थांश पांढऱ्या पेशी जातात, पण पन्नास कोटींच्या आसपास मागे उरतात. मी ‘काढल्या’ म्हणत होते ते या थराबद्दल. खऱ्या अर्थानं गाळलेली पिशवी म्हणजे जिच्यात ५० लाखांहून कमी पांढऱ्या पेशी उरल्या आहेत अशी. युरोपात तर ही मर्यादा १० लाखांची आहे. नेहमीच्या रक्ताच्या सेटमध्ये जी जाळी असते ती फक्त गुठळ्या अडवते, पांढऱ्या पेशी तिच्यातून सहज पार होतात. त्यांना अडवायला तंतूंच्या दाट थरांचा वेगळा फिल्टर लागतो.

मुलीला थंडी का वाजत होती? एकतर वारंवार रक्त घेऊन तिच्या शरीरात दात्यांच्या पांढऱ्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली होती. दुसरं म्हणजे साठवणीत पिशवीतल्या पांढऱ्या पेशी ताप आणणारी रसायनं सोडत राहतात. पिशवी जितकी जुनी, तितकी ती जास्त. म्हणून फिल्टर कधी लावला याला महत्त्व आहे. आम्ही फिल्टर मागवला आणि तो पेशंटच्या खाटेपाशी, रक्त चढवताना लावला. थंडी कमी झाली, पण थांबली नाही. पेशी अडल्या, त्यांनी आधीच सोडलेली रसायनं मात्र फिल्टरमधून आरपार गेली. रक्त घेतल्यावर दोन दिवसांच्या आत रक्तपेढीतच पिशवी गाळून मग साठवायला लागलो, तेव्हा कुठे तिची थंडी बंद झाली. इंजेक्शनंही सुटली.

इथेही एक ढिलाई माझीच होती. गाळलेल्या पिशवीत नेमक्या किती पेशी उरल्या हे आम्ही मोजत नव्हतो. नेहमीचं यंत्र इतक्या थोड्या पेशी मोजू शकत नाही, शून्य दाखवतं, आणि शून्य बघून मी निश्चिंत होते. त्यासाठी नाजॉट नावाची, मोजणीसाठीची खोलगट काचपट्टी लागते, सूक्ष्मदर्शकाखाली हातानं मोजावं लागतं. मोजायला लागल्यावर दिसलं की काही पिशव्या मर्यादेच्या बाहेर जात होत्या. एकदा एका पिशवीचा फिल्टर अर्ध्यावरच तुंबला. मी फिल्टर खराब म्हणून पुरवठादाराशी भांडले. नंतर कळलं की दाता गडचिरोलीचा विद्यार्थी होता आणि त्याच्यात सिकलसेलचा वाहकगुण होता. अशा दात्याचं रक्त त्याच्यापुरतं ठीक असतं, पण त्याच्या लाल पेशी साठवणीच्या वातावरणात आकार बदलून फिल्टरमध्ये अडकतात. हा गुण जिथे जास्त आढळतो त्या विदर्भाच्या पूर्व पट्ट्यातले आणि नंदुरबारकडचे दाते महाराष्ट्रात सगळीकडे रक्त देतात; तुंबलेला फिल्टर दिसला की आता मी आधी दात्याचं गाव विचारते.

मुलीचा प्रश्न सुटल्यावर माझा फिल्टरवर फार विश्वास बसला. त्या विश्वासातच दुसरी, मोठी चूक झाली.

कोरबा मिठागर भागातला एक तरुण, गुडघेदुखीच्या गोळ्या खाऊन खाऊन पोटात अल्सर झालेला. शौचावाटे रक्त जात होतं, हिमोग्लोबिन सहाच्या खाली. मागणीच्या फॉर्मवर एवढंच लिहिलेलं: अल्सर, रक्तस्राव, दोन पिशव्या हव्यात. त्याचा धाकटा भाऊ खाली आला. म्हणाला, “मॅडम, माझा आणि दादाचा गट एकच आहे. बाहेरच्या कुणाचं नको, माझंच घ्या. सख्ख्या भावाचं रक्त.” असं म्हणणारे नातेवाईक रोज येतात, आणि त्यामागचं प्रेम आणि काळजी दोन्ही खरी असतात. मी त्याचं रक्त घेतलं, सगळ्या चाचण्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी ती ताजी पिशवी दादाला लावायला दिली. ताजं रक्त म्हणजे चांगलं रक्त, असं मला तेव्हा वाटायचं. आणखी सुरक्षित व्हावं म्हणून खाटेपाशी फिल्टर लावायलाही मीच सांगितलं. म्हणजे भावाचं, ताजं, गाळलेलं. माझ्या मनातल्या प्रतवारीत याहून चांगली पिशवी आमच्याकडे नव्हती.

दुसरी पिशवी द्यायची वेळ आली तेव्हा काउंटरवर आमचे ज्येष्ठ तंत्रज्ञ होते, ज्यांना सगळे काका म्हणायचे. पिशवी हातात देण्याआधी ते नातेवाइकांना दोन प्रश्न विचारत: याआधी कधी रक्त चढवलंय का, आणि याआधी कसला मोठा आजार झालाय का. पेशंटची बायको म्हणाली, लग्नाआधी, कॉलेजात असताना यांच्या मानेत गाठी आल्या होत्या, परळला उपचार झाले, केमो झाली आणि ते पूर्ण बरे झाले. काकांनी पिशवी परत ठेवली आणि मला वर फोन केला.

त्याच्या मानेतल्या त्या गाठी म्हणजे हॉजकिन लिंफोमा होता. हा कर्करोग बरा होतो आणि पेशंट पुढे वर्षानुवर्षं धडधाकट राहतो, पण त्याच्या प्रतिकारशक्तीतला एक विशिष्ट कमकुवतपणा, टी-पेशींचा, कायम राहतो असं मानलं जातं. म्हणून हॉजकिन झालेल्या माणसाला आयुष्यभर, बरा झाल्यावरही, किरणन केलेलंच रक्त द्यायचं असतं. हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पण फॉर्मवर अल्सर लिहिलेलं पाहून मी अल्सरपलीकडे काही विचारलंच नाही. त्यातून रक्त सख्ख्या भावाचं, आणि ते ताजं. यातली एकेक गोष्ट सुटी धोक्याची होती आणि मी तिन्ही एकत्र केल्या. फिल्टर लावला होता, तो या धोक्याला पुरेसा नव्हता.

धोका काय, हे सांगायला हवं, कारण दाता-नातेवाइकाच्या प्रेमाचा आणि या धोक्याचा थेट संबंध आहे. कुणाचंही रक्त दिलं की त्यातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीराला परक्या वाटतात आणि थोड्या दिवसांत मारल्या जातात. शरीर ही ओळख पेशींवरच्या खुणांवरून पटवतं, त्यांना एचएलए म्हणतात. प्रत्येकाकडे या खुणांचे दोन संच असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. आता समजा एखाद्या दात्याला आईकडूनही आणि वडिलांकडूनही एकच संच मिळाला आहे, आणि पेशंटकडे तोच संच अधिक एक वेगळा संच आहे. पेशंटच्या शरीराला दात्याच्या पेशींवर काहीही परकं दिसत नाही, म्हणून ते त्यांना मारत नाही. पण दात्याच्या पेशींना पेशंटचा दुसरा संच परका दिसतो. त्या वाढतात आणि पेशंटच्या शरीरावर हल्ला करतात. एकाच संचाची ही एकतर्फी जुळणी अनोळखी माणसात विरळा असते, रक्ताच्या नात्यात ती शक्यता कितीतरी वाढते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अनेक समाजांत आहे. आई-वडीलच एका घराण्यातले असले की मुलांना दोन्हीकडून एकच संच मिळायची शक्यता आणखी वाढते. या भावांच्या आईचं माहेर म्हणजे वडिलांच्या मामाचंच घर होतं. हे मी नंतर विचारलं. आधी विचारायचं मला सुचलं नव्हतं.

दात्याच्या पेशींनी पेशंटवर चढवलेल्या या हल्ल्याला रक्तसंक्रमणातून होणारा ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट आजार म्हणतात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणातही याच नावाचा आजार होतो, पण तिथे पेशंटच्या हाडातली मज्जा दात्याचीच असते, म्हणून ती वाचते. रक्त दिल्यानंतर होणाऱ्या आजारात मज्जा पेशंटची स्वतःची असते आणि हल्ल्यात तीच नष्ट होते. रक्त बनणं थांबतं. नव्वद टक्क्यांहून जास्त पेशंट दगावतात आणि भरवशाचा उपचार नाही. २०१५ साली ‘ब्लड’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या साडेतीनशेच्या आसपास पेशंटांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास निम्म्या पेशंटांना किरणन केलेलं रक्त द्यायचं कुठलंही रूढ कारण नव्हतं, आणि बहुतेकांना दिलेलं रक्त दहा दिवसांच्या आतलं, म्हणजे ताजंच होतं. जपानमध्ये तर हृदयशस्त्रक्रियेनंतर ताजं रक्त मिळालेली धडधाकट माणसं अंगावर लाली येऊन दगावायची, आणि हा आजार तोच, हे तिथल्या डॉक्टरांना कळायला वेळ लागला. गाळलेलं रक्त दिल्यावरही हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत. गाळल्यावर पिशवीत उरणाऱ्या काही लाख पेशीसुद्धा वाढू शकल्या तर पुरेशा ठरतात.

गाळणं आणि किरणन यातला फरक मला त्या दिवशी खऱ्या अर्थानं कळला. चाळणीनं बी काढलं तरी थोडं मागे राहतं आणि तेवढं उगवायला पुरतं. भाजलेलं बी मात्र कितीही राहिलं तरी उगवत नाही. किरणनानं पांढऱ्या पेशी पिशवीतून जात नाहीत. त्यांचं विभाजन कायमचं थांबतं, एवढंच. म्हणूनच थॅलेसेमियाच्या मुलीची थंडी किरणनानं थांबली नसती, तिच्या प्रतिपिंडांना त्याच पेशी त्याच संख्येनं भेटल्या असत्या. आणि या तरुणाचा धोका फिल्टरनं टळला नसता.

त्या रात्री मी वॉर्डात गेले आणि पेशंटच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेशंटला आणि त्याच्या बायकोलाही सांगितलं, काय झालं आहे, काय होऊ शकतं आणि चूक कुणाची आहे ते. धाकट्या भावाला सांगणं सगळ्यात जड गेलं. तो फक्त एवढंच म्हणाला, “माझ्यामुळे दादाला काही होणार नाही ना?” मी म्हणाले की त्याच्यामुळे नाही, विचारायचं काम माझं होतं.

त्यानंतर करण्यासारखं म्हणजे लक्ष ठेवणं. आजार सुरू झाला तर साधारण आठव्या-दहाव्या दिवशी ताप येतो. मग अंगावर लालसर पुरळ, चेहरा आणि धडापासून हातपायांकडे जाणारं. मग जुलाब, कावीळ किंवा यकृताच्या चाचण्या बिघडणं, आणि दोन आठवड्यांच्या पुढे सगळ्याच रक्तपेशी घसरणं. अडचण अशी की यातलं प्रत्येक लक्षण वेगळ्या कारणानंही येतं. पावसाळा होता, ताप आणि पुरळ म्हणजे मुंबईत आधी डेंग्यूच आठवतो. पण डेंग्यूत प्लेटलेट घसरतात, मज्जा रिकामी होत नाही. शंका आली तर पेशंटच्या रक्तात किंवा त्वचेच्या तुकड्यात दात्याच्या पेशी सापडतात का, हे जनुकीय खुणांवरून तपासता येतं. त्यासाठी दात्याचा नमुना हाताशी हवा. नेहमीच्या नियमानं आम्ही तो रक्त दिल्यानंतर सात दिवस ठेवतो, म्हणजे आजार दिसायच्या आतच तो फेकला जातो. भावाचा नमुना मी वेगळा काढून गोठवून ठेवला. दोघा भावांचे एचएलए संचही तपासायला पाठवले.

अहवाल आला. धाकट्याकडे दोन वेगळे संच होते आणि त्यातला एक थोरल्याकडे नव्हता. म्हणजे थोरल्याच्या शरीराला धाकट्याच्या पेशी परक्या दिसणार होत्या. धोका बराच कमी झाला. हॉजकिनमुळे पूर्ण गेला असं म्हणता आलं नाही. दर दोन-तीन दिवसांनी त्याची तपासणी, दर आठवड्याला रक्ताचा अहवाल, असं दीड महिना चाललं. ताप आला नाही, पुरळ आलं नाही, पेशी टिकून राहिल्या. तो वाचला, कारण दोन संचांची वाटणी त्याच्या बाजूनं पडली. माझ्या कामात असं काहीच नव्हतं ज्यानं तो वाचला.

यातून मी जे शिकायला हवं होतं ते लगेच शिकले नाही. मी घाबरले, आणि भीतीनं उलट्या बाजूची चूक केली. पुढचे काही महिने जो पेशंट जरा नाजूक वाटेल त्याची पिशवी मी परळला पाठवायला लागले. किडनी प्रत्यारोपण झालेले, एचआयव्हीबाधित, केमो घेणारे सगळेच. एकदा तर गोठवलेला प्लाझ्मा किरणनाला पाठवला. गोठवताना पांढऱ्या पेशी जिवंत राहत नाहीत, त्यामुळे प्लाझ्माला आणि क्रायोला किरणनाची गरजच नसते. परळच्या तंत्रज्ञानं फोन करून नम्रपणे विचारलं, “मॅडम, हे चुकून आलंय का?”

आणि मग आली अँटॉप हिलची मुलगी. आता ती शाळेत जात होती, आणि वर्षानुवर्षं रक्त घेतल्यानं तिच्या रक्तात लाल पेशींच्या काही उपगटांविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली होती. तिच्यासाठी चार-पाच पिशव्या तपासाव्या तेव्हा एक जुळायची. अशी एक पिशवी मिळाली आणि मी लिहून दिलं: किरणन करून द्या. तो आषाढीचा दिवस होता. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे रात्रीपासून लोकांची रीघ, कात्रक रोडची वाट बंद, वर पाऊस. टॅक्सी दादरकडून गेली आणि हिंदमाताला पाण्यात अडकली. पेटीतला बर्फ वितळला. लाल पेशींची पिशवी प्रवासात दहा अंशांच्या वर जाता कामा नये. परत आली तेव्हा पेटीतला थर्मामीटर त्याच्या बराच वर होता. पिशवी टाकून द्यावी लागली. मुलीचे वडील दुपारपासून बाकावर बसून होते. हिमोग्लोबिन सातवर आलेली मुलगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. दुसरी जुळणारी पिशवी दुसऱ्या दिवशी मिळाली.

थॅलेसेमियाच्या पेशंटला किरणनाची नेहमीसाठी गरज नसते. त्याची प्रतिकारशक्ती दात्याच्या पेशी मारायला समर्थ असते. त्याला लागतं ते गाळलेलं रक्त, साठवण्याआधी गाळलेलं, पहिल्या पिशवीपासून. आणि शक्य तितकं उपगट जुळवलेलं. हे मला माहीत होतं. तरी मी त्या मुलीला तिला नको असलेली गोष्ट देण्यासाठी तिला हवी असलेली पिशवी गमावली.

किरणनाची किंमत फक्त टॅक्सीभाड्याची नाही. पिशवीच्या मध्यभागी २५ ग्रे आणि कुठल्याही कोपऱ्यात किमान १५ ग्रे इतकी मात्रा द्यायची असते. तिनं पांढऱ्या पेशींचं विभाजन थांबतं, पण लाल पेशींच्या आवरणालाही इजा होते आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर झिरपू लागतं. म्हणून किरणन केलेली लाल पेशींची पिशवी जास्तीत जास्त २८ दिवस वापरता येते, मूळची तारीख त्याआधीची असेल तर तेवढीच. मोठ्या माणसाला हळूहळू दिलेल्या एका पिशवीतल्या पोटॅशियमनं काही होत नाही. पण नवजात बाळाचं सगळं रक्त बदलायचं असतं तेव्हा तेच पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. अशा बाळासाठी किरणन झाल्यापासून चोवीस तासांच्या आत पिशवी वापरायची. एका बाळासाठी मी आठवडाभर आधी किरणन करून ठेवलेली पिशवी काढायला सांगितली होती, ‘तयार आहे’ म्हणून. एनआयसीयूच्या सिस्टरनी लेबलवरची किरणनाची तारीख वाचून ती परत पाठवली. त्यांचं वाचन बारीक होतं म्हणून ते बाळ वाचलं.

नातेवाइकांचे दोन प्रश्न नेहमी येतात. किरणं दिलेलं रक्त किरणोत्सारी होतं का? नाही. पिशवी यंत्रात काही मिनिटं ठेवली जाते, किरण तिच्यातून जातात आणि संपतात, मागे काही उरत नाही. दुसरा प्रश्न, पिशवी खरंच यंत्रातून गेली की नाही हे कसं ओळखायचं? पिशवीवर एक चिकटपट्टी असते, मात्रा पोचली की तिच्यावरची खूण बदलते. ती खूण बघितल्याशिवाय पिशवी घ्यायची नाही. आपल्या देशात हे यंत्र बनवण्याचं काम अणुऊर्जा विभागाच्या वाशीच्या ‘ब्रिट’नं केलं आहे, कोबाल्ट-६० वापरून. कोबाल्टचा जोर दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, म्हणून यंत्र जुनं होत जाईल तसा पिशवी आत ठेवायचा वेळ वाढवत न्यावा लागतो. वेळ तोच ठेवून मात्रा तीच मिळेल असं कुणी समजलं तर पिशवी अर्धवट किरणन होऊनच बाहेर येईल.

मग किरणन नक्की कुणाला? हॉजकिन झालेल्याला, आयुष्यभर. जन्मतः टी-पेशींचा दोष असलेल्या बाळाला. गर्भातच रक्त दिलेल्या बाळाला, आणि जन्मानंतर त्याचं रक्त बदलायचं असेल तेव्हाही. फ्लुडाराबिन, क्लॅड्रिबिन, बेंडामस्टिन अशी औषधं घेतलेल्याला. अप्लास्टिक ॲनिमियात एटीजी दिलं गेलं तर. अस्थिमज्जा प्रत्यारोपण होणाऱ्याला. आणि दाता रक्ताच्या नात्यातला असेल किंवा प्लेटलेट एचएलए जुळवून दिल्या असतील तर पेशंट कितीही धडधाकट असला तरी. एचआयव्ही, किडनी प्रत्यारोपण, एखाद्या अवयवातला गाठीचा कर्करोग आणि त्याची नेहमीची केमो ही कारणं नाहीत. गाळलेलं रक्त कुणाला? वारंवार रक्त लागणाऱ्या सगळ्यांना, प्लेटलेट पुन्हा पुन्हा लागणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशंटला, रक्तामुळे दोनदा ताप आलेल्याला, ज्यांना सीएमव्हीची लागण परवडणार नाही अशा बाळांना आणि गरोदर बायांना, आणि पुढे प्रत्यारोपण होण्याची शक्यता असलेल्या प्रत्येकाला. ब्रिटनमध्ये १९९९ पासून सगळ्यांनाच गाळलेलं रक्त मिळतं. आपल्याकडे तसं नाही, म्हणून कुणाला काय हवं हे फॉर्मवर आणि काउंटरवर ठरतं.

आता आमच्या मागणीच्या फॉर्मवर काकांचे दोन प्रश्न छापलेले आहेत आणि त्यांच्याखाली तिसरा: दाता पेशंटचा कोण लागतो? नातेवाइकाला रक्त द्यायचंच असेल तर आम्ही घेतो, पण ते दुसऱ्या पेशंटला देतो, आणि त्याच्या माणसाला अनोळखी दात्याचं. हे समजावताना कधी वाद होतो. एका काकूंनी मला विचारलं होतं, “म्हणजे मुलाला आईचं रक्त चालत नाही?” मी त्यांना ते एचएलएचे दोन संच कागदावर काढून दाखवले. त्या कागद घेऊन गेल्या.

अँटॉप हिलच्या मुलीचं आता प्रत्यारोपण ठरतंय. धाकट्या भावाशी तिचे संच पूर्ण जुळले आहेत, आणि बोरिवलीच्या महापालिकेच्या केंद्रात तिची नोंद झाली आहे. मी तिच्या फाइलवर तीन गोष्टी लिहून दिल्या. भावाचं किंवा घरातल्या कुणाचं रक्त प्रत्यारोपणाआधी तिला एकदाही द्यायचं नाही, नाहीतर तिचं शरीर त्याच्या मज्जेविरुद्ध आधीच तयार होईल. गाळलेलं रक्त चालू ठेवायचं. आणि प्रत्यारोपणापूर्वीची केमो ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवसापासून प्रत्येक लाल पेशींची आणि प्लेटलेटची पिशवी गाळलेली आणि किरणन केलेली, दोन्ही. प्रत्यारोपणानंतर किमान सहा महिने, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद होऊन लिंफोसाइट सावरेपर्यंत. प्लाझ्माला किरणन नको.